‘फ्रिजमध्ये ठेवा’ याच्या पुढची ओळ: औषधाच्या खोक्यावरच्या खुणा आणि मराठवाड्यातलं घर

औषधाच्या खोक्यावर साठवणीची सूचना बारीक इंग्रजी अक्षरांत, बहुतेक वेळा एखाद-दोन ओळींत छापलेली असते. वाचणारा ती वाचतो, पण अर्धीच. ‘स्टोअर इन अ रेफ्रिजरेटर’ एवढं दिसलं की खोकं फ्रिजमध्ये जातं आणि विषय संपतो. त्याच ओळीत पुढे ‘डू नॉट फ्रीझ’ असतं, म्हणजे गोठू देऊ नका. ते वाचायचं राहून जातं. मेडिकलच्या काउंटरवर उभं राहून मी जे पाहतो त्यावरून सांगतो, परभणीच्या उन्हाळ्यात इन्सुलिन उन्हानं खराब होईल ही भीती सगळ्यांना असते. फ्रिजमध्येच ते गोठून वाया जाईल हे मात्र फारसं कुणाच्या मनात येत नाही. म्हणून या लेखात जोर त्या दुसऱ्या ओळीवर आहे. उजेड, ओल आणि ‘तीस अंशांच्या खाली’ या सूचना सोबत येतीलच.

उदाहरणासाठी एकच पिशवी घेऊ. जिंतूरकडच्या एखाद्या गावातलं कुटुंब परभणीत दवाखान्याला आलंय आणि दुपारी एस.टी.नं परत जाणार आहे. पिशवीत चार वस्तू आहेत: आजीची ३०/७० मिक्स इन्सुलिनची कुपी, आजोबांचे काचबिंदूचे लॅटानोप्रोस्ट थेंब, नातवाचं अमॉक्सिसिलिन-क्लॅव्हुलॅनिक ॲसिडचं ड्राय सिरप आणि साखर तपासायच्या स्ट्रिपची डबी. चौघांचे नियम चार प्रकारचे. सगळं एकत्र फ्रिजमध्ये टाकलं तर निदान एक वस्तू चुकीच्या जागी जाते.

खोकं हातात घेतल्यावर काय बघायचं

आधी आकडा शोधा. शब्द कितीही असले तरी निर्णय आकड्यावर होतो. ‘२ ते ८ अंश’ म्हणजे फ्रिज. ‘नॉट एक्सीडिंग ३० अंश’ किंवा ‘बिलो ३०’ म्हणजे घरातली तीस अंशांच्या आतली जागा. ‘बिलो २५’ हे त्याहून कडक आणि मराठवाड्यातल्या मे महिन्यात सगळ्यात अवघड. नुसतं ‘कूल प्लेस’ लिहिलेलं असेल तर भारतीय औषधकोशाप्रमाणे त्याचा अर्थ ८ ते २५ अंश. म्हणजे ‘कूल’ वाचून वस्तू फ्रिजमध्ये ढकलायची नसते.

आकड्यानंतर मनाई शोधा: ‘डू नॉट फ्रीझ’, ‘डू नॉट रेफ्रिजरेट’, ‘प्रोटेक्ट फ्रॉम लाइट’, ‘प्रोटेक्ट फ्रॉम मॉइश्चर’. त्यानंतर तिसरी गोष्ट, जी हमखास सुटते: उघडल्यानंतरचा नियम. पुष्कळ औषधांना दोन आयुष्यं असतात, एक सीलबंद असतानाचं आणि एक बूच उघडल्यानंतरचं. खोक्यावरची एक्स्पायरी पहिल्याची असते. दुसऱ्याची मुदत आतल्या घडी घातलेल्या पत्रकात किंवा खोक्याच्या कडेला असते, आणि ती दिवसांत किंवा आठवड्यांत मोजतात.

चित्रं आपल्याकडच्या गोळ्या-सिरपच्या खोक्यांवर कमी दिसतात, तिथं वाक्यंच जास्त. ग्लुकोमीटरच्या स्ट्रिप, सुया, तपासणीचे किट यांच्या खोक्यांवर मात्र चित्रांची रांग असते. थर्मामीटरच्या चित्राला वर एक आणि खाली एक असे दोन आकडे असतील तर वस्तू त्या दोहोंच्या मध्ये ठेवायची. वरच्या टोकाला एकच आकडा असेल तर त्याहून गरम नको, खालच्या टोकाला एकच असेल तर त्याहून थंड नको. सूर्य आणि त्याखाली छपरासारख्या दोन तिरप्या रेघा म्हणजे उन्हापासून लांब. छत्री आणि थेंब म्हणजे ओल लागू देऊ नका. वाळूचं घड्याळ हे मुदतीचं चिन्ह, त्याच्या शेजारी वर्ष-महिना छापलेला असतो. उघड्या झाकणाची बरणी आणि तिच्यावर ‘१२ एम’ असं दिसलं तर ते क्रीम-शाम्पूवरचं, उघडल्यापासून बारा महिने.

घोटाळा होतो तो बर्फाच्या नक्षीत. नुसती नक्षी काही वेष्टणांवर ‘थंड ठेवा’ या अर्थानं असते. तिच्यावर आडवी काट मारलेली असेल तर ‘गोठवू नका’. लांबून दोन्ही सारख्याच दिसतात, म्हणून नक्षी दिसली की शेजारचा आकडा वाचल्याशिवाय काही ठरवू नका.

आपला फ्रिज आधी मोजा

खोक्यावरचे ‘२ ते ८’ आणि आपल्या फ्रिजचं आतलं तापमान यांचा मेळ आहे की नाही हे हात घालून कळत नाही. एक दरवाजाचा फ्रिज, वर बर्फाचा कप्पा, त्याखाली प्लॅस्टिकचा ट्रे, मग दोन-तीन जाळ्या आणि तळाशी भाजीचा खण, असा फ्रिज आपल्याकडे घरोघरी आहे. त्यातला बर्फाच्या कप्प्याखालचा ट्रे औषधासाठी सगळ्यात धोक्याची जागा आहे. वरून थंड हवा सरळ तिथं पडते आणि पारा शून्याखाली जाऊ शकतो. लोक मात्र नेमके तिथंच इन्सुलिन ठेवतात, कारण जागा सुटसुटीत असते आणि पोरांचा हात पोचत नाही. मागच्या थंड पत्र्याला खोकं टेकलं तरी तोच प्रकार. दरवाजातल्या कप्प्यात उलटं होतं. दर वेळी दार उघडलं की तिथं बाहेरची हवा लागते, आणि मे महिन्यात ती हवा स्वयंपाकघरातली, म्हणजे चाळीसच्या आसपासची असते.

मोजायचं असं. वायरीच्या टोकाला बारीक सेन्सर असलेला छोटा डिजिटल थर्मामीटर दोन-तीनशे रुपयांत मिळतो. कमाल आणि किमान आकडा लक्षात ठेवणारा घ्या. औषधाची धुतलेली रिकामी बाटली पाण्यानं भरून सेन्सर त्यात बुडवा. हवेत टांगलेल्या सेन्सरचा आकडा दार उघडताच उड्या मारतो. पाण्यातला सेन्सर औषधाला खरोखर काय सोसावं लागतं ते सांगतो. ही बाटली मधल्या जाळीवर, पुढच्या बाजूला, मागच्या पत्र्यापासून चार बोटं अलीकडे ठेवा. एक दिवस-रात्र जाऊ द्या आणि मग कमाल-किमान वाचा. किमान दोनच्या वर आणि कमाल आठच्या आत असेल तर तीच तुमची औषधाची जागा. नसेल तर बटण एक घर फिरवा आणि पुन्हा एक दिवस थांबा. फिरवल्यावर तासाभरात आकडा बघण्यात अर्थ नाही.

या जागी झाकणाची प्लॅस्टिकची डबी ठेवा आणि औषधं खोक्यासकट तिच्यात ठेवा. डबीमुळे खोकी मागं सरकत नाहीत, दार उघडलं तरी तापमान लगेच हलत नाही आणि वरणाचं पातेलं सांडलं तरी लेबल वाचण्याजोगं राहतं.

आता बटणाबद्दल. एप्रिल-मेमध्ये फ्रिज पाणी गार करत नाही म्हणून घरातलं कुणीतरी बटण शेवटच्या आकड्यावर नेऊन ठेवतं. मग पाऊस येतो, थंडी येते, बटण तिथंच. साध्या एकदारी फ्रिजचा थर्मोस्टॅट बर्फाच्या कप्प्याजवळची थंडी ओळखतो, मधल्या जाळीवरची त्याला कळत नाही. बाहेर त्रेचाळीस अंश असताना भिंतींतून आणि दारातून इतकी उष्णता आत येते की शेवटच्या आकड्यावरही मधली जाळी सहा-सात अंशांवर राहते. डिसेंबर-जानेवारीत परभणीचा रात्रीचा पारा दहाच्या खाली उतरतो, तेव्हा ती उष्णता येत नाही आणि त्याच आकड्यावर मधल्या जाळीवरचं पाणीही गोठू लागतं. गोठलेलं इन्सुलिन घेऊन लोक जास्त करून हिवाळ्यात येतात ते यामुळे. दिवाळीच्या सुमारास एकदा आणि होळीनंतर एकदा पाण्याच्या बाटलीतला सेन्सर पुन्हा लावून बटण जुळवून घ्या.

इन्सुलिन गोठलं की नेमकं काय होतं

“फ्रिजातच ठिवलं होतं की ओ, मंग खराब कसं होईन?” हा प्रश्न काउंटरवर येतो तेव्हा कुपी हातात घेऊन दाखवावं लागतं. ३०/७० हे दुधट औषध. त्यात तीस टक्के विरघळलेलं, लवकर काम करणारं इन्सुलिन असतं आणि सत्तर टक्के बारीक कणांच्या रूपात, हळूहळू सुटणारं. चांगली कुपी ठेवून दिली की कण तळाशी बसतात आणि वर स्वच्छ पाणी दिसतं. तळव्यांमध्ये धरून दहा-वीस वेळा हळुवार फिरवली की सगळं पुन्हा एकसारखं दुधट होतं. गोठून वितळलेल्या कुपीत हे कण एकमेकांना चिकटतात. फिरवल्यावरही तळाशी गुठळी राहते, काचेच्या आतून पांढरी बुरशी चढल्यासारखा थर दिसतो किंवा द्रवात दहीकणी तरंगते. सिरिंजमध्ये ओढलेल्या प्रत्येक डोसात मग औषध कमी-जास्त येतं. एक दिवस कमी, दुसऱ्या दिवशी जास्त.

पाण्यासारख्या स्वच्छ इन्सुलिनमध्ये हे ओळखणं कठीण आहे. ते गोठून वितळल्यावरही बघायला स्वच्छ राहू शकतं. म्हणून नियम डोळ्यांवर सोडलेला नाही: गोठलं असल्याचं माहीत असेल तर ते वापरायचं नाही, मग ते कसंही दिसो. इन्सुलिनच्या पेनमधल्या काचेच्या कार्ट्रिजला आणखी एक धोका आहे. पाणी गोठताना फुगतं आणि काचेला केसासारखी चीर जाते. वितळल्यावर तिथून थेंब पाझरतो किंवा आत हवा जाते. दिव्यासमोर धरून कार्ट्रिज गोल फिरवलं तर चीर चमकते.

गरमीनं बिघडलेलं इन्सुलिन याहून फसवं. एखाद्या दुपारी ते तीस अंशांच्या थोडं वर गेलं म्हणून लगेच पाणी होत नाही. पण बंद कारच्या डॅशबोर्डवर, दुचाकीच्या डिकीत किंवा पत्र्याखालच्या फळीवर दिवसचे दिवस राहिलं तर ताकद उतरत जाते. कधी रंग पिवळसर होतो, पुष्कळदा काहीच दिसत नाही. दिसते ती रक्तातली साखर. जेवण तेच, डोस तोच, टोचायची जागा नीट, आजारपण नाही आणि तरी चार-सहा दिवस साखर चढतीच, तर कुपीवर संशय घ्या.

इथं एक गोष्ट ठासून सांगायला हवी. अशा वेळी लोक आपल्या मनानं युनिट वाढवतात. उतरलेल्या औषधाचे जास्त युनिट घेऊन साखर कशीबशी खाली येते. मग कुपी संपते, नवी येते, तिची ताकद पूर्ण असते आणि वाढवलेला डोस तसाच चालू राहतो. रात्री घाम, थरथर, भोवळ सुरू होते. साखर एकदम खाली गेलेली असते. म्हणून संशय आला तर डोसाला हात न लावता कुपी बदला, आणि साखर फार चढलेली असेल किंवा उलट्या होत असतील तर डॉक्टरांकडे जा.

मेडिकलपासून घरापर्यंत

परभणीहून जिंतूरकडच्या गावी जायला एस.टी. आणि पुढचं वडाप मिळून दोनेक तास धरा. सीलबंद इन्सुलिन आणि लॅटानोप्रोस्ट एवढ्या वेळासाठी गार नेणं बरं, विशेषतः बस उन्हात उभी राहणार असेल तर. दुकानदाराकडे थर्माकोलचा डबा आणि जेलची पिशवी मागा. पण जेलची पिशवी फ्रीझरमधून काढून सरळ कुपीला चिकटवून देणं म्हणजे ज्याची भीती तेच वाटेत घडवून आणणं. फ्रीझरमधला बर्फ शून्याच्या पुष्कळ खाली असतो. तो वितळू लागला की शून्यावर येतो आणि मग कुपी गोठवण्याइतका थंड राहत नाही.

लसीकरणाच्या शीतसाखळीत यासाठी साधी पद्धत आहे, तीच घरीही चालते. पाण्याचा आइसपॅक फ्रीझरमधून काढून बाहेर ठेवतात. त्यावर पाण्याचे थेंब जमले आणि हलवल्यावर आत पाण्याचा आवाज आला की तो डब्यात घालायला तयार. जेलमध्ये आवाज येत नाही, तिथं कडकपणा जाऊन पिशवी बोटानं दाबता येऊ लागेपर्यंत थांबा. वर वर्तमानपत्राच्या तीन-चार घड्या किंवा जाड फडकं गुंडाळा, मग डब्यात घाला, आणि कुपी तिच्या खोक्यासकट दुसऱ्या कोपऱ्यात ठेवा. डबा पायाशी किंवा मांडीवर घ्या. बसच्या टपावर, इंजिनजवळ किंवा खिडकीच्या उन्हात नको. बर्फच मिळाला नाही तर प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून वरून ओल्या रुमालात गुंडाळलेली कुपी दोन तास बरी राहते. कोरड्या उन्हाळ्यात रुमाल झपाट्यानं वाळतो आणि वाळताना गार करतो, म्हणून मध्ये एकदा पुन्हा ओला करायचा.

चार वस्तू, चार जागा

घरी पोचल्यावर पिशवी अशी वाटून टाका.

इन्सुलिनची सीलबंद कुपी मधल्या जाळीवरच्या डबीत. ती उघडली की लेबलवर पेननं तारीख घाला. मिलीला ४० युनिट असलेल्या १० मिलीच्या कुपीत एकूण ४०० युनिट असतात. आजीला सकाळी १६ आणि रात्री १० असे दिवसाला २६ युनिट असतील तर कुपी पंधरा दिवसांत संपते. उघडलेल्या ह्यूमन इन्सुलिनच्या कुपीला पत्रकात साधारण चार ते सहा आठवडे दिलेले असतात, २५ किंवा ३० अंशांच्या खाली. म्हणजे आजीला या मुदतीची काळजी नाही. पण एखाद्याला दिवसाला आठच युनिट असतील तर तीच कुपी पन्नास दिवस पुरते आणि मुदत मध्येच ओलांडते. तिथं उरलेलं औषध टाकावं लागतं. जिवावर येतं, पण तारखेचा हिशेब तोच आहे. उघडलेली कुपी कुठं ठेवायची हे पत्रक सांगतं. काही पेनांना वापर सुरू झाल्यावर फ्रिजची मनाई असते. ज्या कुपीला मनाई नाही ती मे महिन्यात डबीतच राहू द्या आणि टोचण्याआधी थोडा वेळ बाहेर काढा, गार इन्सुलिन टोचताना दुखतं. पेनवर सुई लावून ठेवू नका. तापमान बदललं की द्रव आकसतो-फुगतो आणि सुईतून हवा आत जाते, नाहीतर थेंब बाहेर येतो.

लॅटानोप्रोस्टच्या खोक्यावर बहुधा तिन्ही गोष्टी एकत्र सापडतात: २ ते ८ अंश, उजेडापासून जपा, उघडल्यावर चार आठवडे. सीलबंद बाटली फ्रिजमध्ये, उघडलेली पत्रकात दिलेल्या तापमानाखाली. कुठल्याही डोळ्यांच्या थेंबांची बाटली उघडल्यापासून महिनाभरात वापरा, अशी सूचना आपल्याकडे थेंबांच्या लेबलवर असतेच. उजेडाचा मुद्दा इथं खरा आहे. लॅटानोप्रोस्ट प्रकाशात तुटतं, आणि बाटली लहान, अर्धपारदर्शक असते. आजोबा ती खोक्यातून काढून खिडकीच्या कठड्यावर, आरशाशेजारी ठेवतात, कारण थेंब तिथंच टाकायचे असतात. खोकं हेच तिचं छप्पर आहे. थेंब टाकून झाले की बाटली परत खोक्यात, रोज. फ्रिजमधला दिवा दार लावल्यावर विझतो, पण पारदर्शक दाराच्या फ्रिजमध्ये उघडी बाटली ठेवली तर दिवसभर उजेड लागत राहतो.

‘प्रोटेक्ट फ्रॉम लाइट’ गोळ्यांवरही असतं. तिथं चंदेरी ॲल्युमिनियमची पट्टी किंवा तपकिरी बाटली हेच कवच असतं. आठवड्याच्या गोळ्या आधीच सोलून पारदर्शक डबीत भरून ठेवायची सोय अनेक घरांत आहे. उजेडाला नाजूक गोळ्यांसाठी ती सोय टाळा. पट्टी कात्रीनं कापून, पाकिटासकट त्या-त्या वाराच्या खणात घातली तर दोन्ही कामं होतात.

ड्राय सिरपच्या बाटलीत आधी कोरडी भुकटी असते, ती फ्रिजबाहेर, कोरड्या जागी. उकळून पूर्ण गार केलेलं पाणी खुणेपर्यंत घातलं की नियम पालटतो. क्लॅव्हुलॅनिक ॲसिड पाण्यात फार टिकत नाही, म्हणून आता फ्रिज आणि सात दिवस. गोठवायचं मात्र नाही. पाणी घातल्याची तारीख बाटलीवर लिहा आणि आठव्या दिवशी उरलेलं टाकून द्या. रंग गडद पिवळा किंवा तपकिरी होऊ लागला तर सात दिवसांचीही वाट बघू नका. पाणी गावी पोचल्यावर घातलेलं बरं, म्हणजे दोन तासांच्या गरम प्रवासात मिसळलेलं सिरप नसेल. “पोराला गार सिरप दिलं तर खोकला होईल” म्हणून आजी बाटली चुलीजवळ काढून ठेवते. तेवढा डोस वाटीत काढून पाच मिनिटं थांबा, बाटली लगेच आत.

स्ट्रिपची डबी फ्रिजमध्ये नको. तिच्या खोक्यावर थर्मामीटर, छत्री, सूर्य अशी सगळी चित्रं असतात आणि वरचा आकडा बहुधा ३० असतो. पण छत्री इथं सगळ्यात महत्त्वाची. गार डबी बाहेर काढून उघडली की हवेतली वाफ स्ट्रिपवर जमते, आणि ओल लागलेली स्ट्रिप साखर चुकीची दाखवते. डबीच्या झाकणात किंवा भिंतीत ओल शोषणारा पदार्थ असतो, म्हणून स्ट्रिप मूळ डबीतच ठेवाव्यात आणि झाकण ‘टक’ वाजेपर्यंत लावावं. पाच-सहा स्ट्रिप कागदात बांधून शेतावर नेणं चुकीचं, पूर्ण डबी न्या.

‘तीस अंशांच्या खाली’ आणि पत्र्याचं घर

बहुतेक गोळ्यांवर तीस अंशांची सूचना असते आणि मराठवाड्यात एप्रिल ते जूनच्या सुरुवातीपर्यंत दुपारी घरात तीस अंश क्वचितच सापडतात. जमेल ते असं: सेन्सर घेऊन घरातली सगळ्यात गार जागा शोधा. जुन्या माळवदाच्या घरात आतल्या खोलीतली भिंतीची देवळी दुपारीही बाहेरच्या मानानं पुष्कळ गार राहते. पत्र्याच्या खोलीत वरची फळी आणि खालची जमीन यांत चांगलाच फरक पडतो, म्हणून औषधाचा डबा पत्र्याजवळच्या फळीवर न ठेवता खाली, पण ओल आणि लहान मुलांपासून वाचवून ठेवा. टी.व्ही.वर, गॅसच्या बाजूला, मोरीच्या भिंतीला लागून नको. उन्हाळ्यात तीन महिन्यांच्या गोळ्या एकदम न घेता पंधरा दिवसांच्या घेतल्या तर औषध गरमीत कमी काळ राहतं. हा उपाय सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात कमी वापरला जाणारा.

गोळ्या फ्रिजमध्ये का नको, तर स्ट्रिपचंच कारण. आत-बाहेर करताना ओल धरते, कॅप्सूल चिकट होतात, पाण्यात विरघळायच्या गोळ्या फुगतात. कॅप्सूल एकमेकांना चिकटल्या, गोळीवर ठिपके आले किंवा गोळीची भुकटी पडली तर त्या टाका.

फ्रिज नसेल किंवा भारनियमनानं आठ-आठ तास वीज जात असेल तर वापरात असलेल्या इन्सुलिनसाठी मातीची दुहेरी रचना चालते. मोठ्या मातीच्या कुंडीत वाळू घाला, त्यात लहान मडकं बसवा, भोवतालची वाळू दिवसातून दोनदा ओली करा, कुपी घट्ट झाकणाच्या डबीत घालून लहान मडक्यात ठेवा आणि वर ओलं फडकं टाका. कुंडी सावलीत, पण वारं लागेल अशा जागी हवी, वारा नसेल तर गारवा येत नाही. कोरड्या मेमध्ये आतलं तापमान बाहेरच्यापेक्षा बरंच खाली येतं. किती, ते सेन्सरनंच बघा आणि तीसच्या आत असेल तरच विश्वास ठेवा. पावसाळ्यात हवा दमट झाली की ही युक्ती फारशी काम करत नाही. २ ते ८ अंश ती कधीच देत नाही, म्हणून सीलबंद साठा तिच्यात ठेवू नका. तो गावातल्या फ्रिजवाल्या शेजाऱ्याकडे नाव लिहिलेल्या डबीत ठेवा, किंवा एका वेळी एकच कुपी आणा.

वीज गेल्यावर फ्रिजचं दार उघडू नका. जाळ्यांवर पाण्याच्या भरलेल्या बाटल्या नेहमीच ठेवलेल्या असतील तर गारवा जास्त वेळ टिकतो. घाबरून इन्सुलिन बर्फाच्या कप्प्यात हलवू नका, वीज परत आली की तेच गोठतं. वीज आल्यावर सेन्सरवरचा कमाल आकडा बघा. बारा-पंधरापर्यंत काही तास गेला म्हणून सीलबंद कुपी फेकायची गरज नसते. पण असं रोज होत असेल तर ती कुपी वापरात असलेल्यासारखी धरा आणि चार आठवड्यांची मुदत त्या दिवसापासून मोजा.

जाता जाता लसीच्या कुपीवरच्या खुणेबद्दल, कारण आरोग्य उपकेंद्रात आया ती बघतात आणि विचारतात. वर्तुळ आणि त्यात चौकोन असतो. चौकोन वर्तुळापेक्षा फिका असेल तोवर लस गरमीतून सुरक्षित. दोन्ही एकाच रंगाचे झाले किंवा चौकोन जास्त गडद झाला की ती कुपी बाद. ही खूण फक्त उष्णता मोजते. पेंटाव्हॅलंट किंवा धनुर्वाताची लस गोठली असेल तर हा चौकोन फिकाच राहील. त्यासाठी कुपी हलवून तळाशी बसणारा गाळ तपासण्याची वेगळी पद्धत आहे आणि ती परिचारिकेचं काम आहे.

गोठलेली किंवा मुदत संपलेली कुपी फ्रिजमध्ये ‘असू दे’ म्हणून परत ठेवू नका. लेबलवर पेननं आडवी काट मारा आणि त्याच दिवशी घरातल्या इतरांना दाखवून बाहेर काढा, नाहीतर रात्री दिवे गेलेले असताना आजीच्या हाताला नेमकी तीच लागते.